कालसर्प, नारायण नागबली आणि नीलम: अमावस्येच्या आत एक लाख तेरा हजारांची घाई

पत्र

नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. मुलाचा जन्म मार्च १९९५ अखेरचा, चांगली नोकरी आहे, पण तीन वर्षं स्थळं बघूनही लग्न जमत नाही. मैत्रिणीच्या ओळखीने एका गुरुजींना पत्रिका दाखवली. पत्रिकेत तुळेत राहू, मेषेत केतू, कर्केत मंगळ, वृश्चिकेत गुरू, मीनेत रवी आणि कुंभेत चंद्र, बुध, शुक्र, शनी असं आहे. ते म्हणाले, आंशिक कालसर्प आहे, पितृदोष आहे, वर साडेसाती. त्र्यंबकला कालसर्प आणि नारायण नागबली एकत्र करायचे ६५ हजार, सव्वापाच रत्तीचा नीलम ४८ हजार. येत्या अमावस्येच्या आत केलं नाही तर मुलाच्या जिवाला धोका आहे म्हणाले. घाबरून मी ११ हजार फोनवरून पाठवले. "मिस्टरांना आत्ताच सांगू नका, नकारात्मकता येते," असंही सांगितलं. आमच्या चुलत सासऱ्यांचा पूर्वी गोदावरीत बुडून मृत्यू झाला होता, त्यामुळे मनात सारखं येतं की हे खरं असेल. अमावस्येला नऊ दिवस आहेत. काय करू?

उत्तर

ताई, पुढचा एक रुपयाही देऊ नका, आणि आज रात्रीच तुमच्या मिस्टरांना सगळं सांगा. हे दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं का आहे, ते पुढे येईल. आधी पत्रिका बघू, कारण ग्रह तुम्ही नीट लिहून पाठवले आहेत आणि भीतीचं मूळ तिथेच आहे.

कालसर्प कशाला म्हणतात, त्याची व्याख्या हा योग मानणाऱ्यांचीच घ्या. रवी, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र आणि शनी हे सातही ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला हवेत. तुमच्या मुलाच्या पत्रिकेत राहूपासून, म्हणजे तुळेपासून, मोजायला लागा. वृश्चिकेत गुरू, कुंभेत चार ग्रह, मीनेत रवी, मग मेषेत केतू. सहा ग्रह या बाजूला आले. सातवा मंगळ कर्केत आहे. वृषभ, मिथुन, कर्क, सिंह, कन्या ही दुसरी बाजू, म्हणजे मंगळ बाहेर पडला आणि योग तिथेच मोडला. 'आंशिक' हा शब्द अशा वेळी पुढे येतो. एक ग्रह बाहेर असला तरी आंशिक, दोन असले तरी आंशिक, असं धरायला लागलं तर पुष्कळ पत्रिका त्यात येतील. जो दोष इतक्या जणांच्या पत्रिकेत निघतो, तो सांगून गुरुजींनी तुमच्या मुलाबद्दल वेगळं असं काहीच सांगितलेलं नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पूर्ण कालसर्प होतो तेव्हासुद्धा तो एकट्या कुणाचा नसतो. बाकीचे सहा ग्रह एका बाजूला आले की चंद्र त्या अर्ध्या भागात असेपर्यंत, म्हणजे साधारण तेरा-चौदा दिवस, जगात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या पत्रिकेत तो असतो. लग्नरास, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, कोणतीही असो. अनंत, कुलिक, वासुकी अशी जी बारा नावं सांगतात, ती फक्त राहू कोणत्या स्थानात पडला यावरून ठरतात. बृहज्जातकासारख्या जुन्या ग्रंथात सर्पयोग येतो, पण तो केंद्रातल्या पापग्रहांचा, वेगळाच. आज कालसर्प म्हणून जे सांगतात, ते त्यात नाही. म्हणूनच हा योग न मानणारे ज्योतिषी आपल्याकडे पुष्कळ आहेत. कालसर्पाची शांती श्रद्धेने कुणी करत असेल तर त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण "जिवाला धोका" हे वाक्य त्या योगात कुठेही नाही.

पितृदोषाचं तेच. सर्वसाधारणपणे रवीसोबत राहू किंवा शनी असला, किंवा त्यांची दृष्टी असली, तर पितृदोष सांगतात. तुमच्या मुलाचा रवी मीनेत एकटा आहे. शनी शेजारी कुंभेत आहे, त्याची तिसरी, सातवी आणि दहावी दृष्टी मेष, सिंह आणि वृश्चिकेवर जाते, मीनेवर जात नाही. राहूची पाचवी, सातवी, नववी धरली तरी कुंभ, मेष, मिथुन. उलट वृश्चिकेतल्या गुरूची पाचवी दृष्टी थेट मीनेतल्या रवीवर आहे, आणि नववी कर्केतल्या मंगळावर. शास्त्राच्या भाषेत ही चांगली गोष्ट आहे आणि ती तुम्हाला कुणी सांगितली नाही. पितृदोष नवम स्थानावरूनही बघतात. त्यासाठी लग्नरास लागते, ती पत्रात नाही. तेव्हा गुरुजींना साधा प्रश्न विचारता येतो: कोणत्या ग्रहामुळे, कोणत्या स्थानात? ज्याने खरोखर पत्रिका पाहिली आहे तो दोन वाक्यांत उत्तर देतो. ज्याला फक्त पूजा विकायची आहे तो म्हणतो, "ते तुम्हाला समजणार नाही."

साडेसाती मात्र खरी आहे, म्हणजे गणित बरोबर आहे. चंद्र कुंभेत, शनी २०२५ च्या मार्चअखेर मीनेत आला, त्यामुळे कुंभ राशीचा शेवटचा टप्पा चालू आहे. २०२७ च्या जूनमध्ये शनी मेषेत जाईल, थोडा वक्री होऊन परत मीनेत येईल आणि २०२८ च्या सुरुवातीला पुढे निघून जाईल. ही तारीख पंचांगात आहे, ती कुणाला पैसे देऊन बदलत नाही. एकाच वेळी कुंभ, मीन, मेष अशा लागोपाठच्या तीन राशींची साडेसाती कमी-अधिक टप्प्यात असते, म्हणजे केव्हाही पाहिलं तरी साधारण चौथा हिस्सा माणसं तिच्यात असतात. भीती विकणारा असंच एक खरं वाक्य आधी बोलतो, तुम्ही "हो, बरोबर" म्हणता, आणि त्याच विश्वासावर पुढची दोन तपासता न येणारी वाक्यं खपतात. तुमच्या बाबतीत नेमकं हेच घडलं आहे.

नीलमाकडे येऊ. रत्न ग्रहाला बळ देतं, अशी ते घालणाऱ्यांची धारणा. तुमच्या मुलाचा शनी कुंभेत, म्हणजे स्वतःच्याच राशीत आहे. त्याला अजून बळ कशाला, हे लग्नरास न सांगता कुणी ठरवू शकत नाही. त्यातून सव्वापाच रत्ती म्हणजे किती, हेही नक्की नसतं. सोनाराची जुनी रत्ती साधारण ०.१२ ग्रॅमची, रत्नवाल्यांची पक्की रत्ती साधारण ०.१८ ग्रॅमची. त्यामुळे सव्वापाच रत्ती एकीकडे सव्वातीन कॅरेटच्या आत राहते, दुसरीकडे पावणेपाच कॅरेट होते. तेवढ्याने किमतीत मोठा फरक पडतो. पुढे कधी रत्न घ्यायचंच झालं तर वजन कॅरेटमध्ये लिहून घ्या आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला मागा. त्यावर खडा नैसर्गिक आहे की कृत्रिम, तापवलेला आहे का, काच भरलेली आहे का, हे स्पष्ट लिहिलेलं हवं. 'सिद्ध केलेला' हा शब्द दाखल्यावर नसतो, आणि बहुतेक वेळा जास्तीचे पैसे त्याच शब्दाचे असतात. ज्याने दोष सांगितला त्याच्याकडूनच खडा घेणं म्हणजे डॉक्टरने स्वतःच्याच दुकानातलं औषध लिहून देणं. आत्ता तरी नीलमाचा विषय सोडून द्या.

आता तुमच्या मनात जे खरं सलतं आहे, त्याबद्दल. चुलत सासऱ्यांचा बुडून मृत्यू झाला. नारायणबली हा विधी परंपरेने अशाच मृत्यूंसाठी सांगितलेला आहे: पाण्यात बुडून, अपघातात, सर्पदंशाने, आत्महत्येने गेलेल्यांसाठी. नागबली हा नाग मारला गेल्याच्या दोषासाठी. त्र्यंबकला दोन्ही जोडून करतात, तीन दिवस लागतात. त्यामुळे त्यांच्यासाठी हा विधी करावा असं कुटुंबाला वाटलं तर त्यात काही गैर नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. हा विधी गेलेल्या माणसासाठी असतो. त्याने मुलाचं लग्न जमेल असं वचन त्या विधीत नाही, आणि विधी न केल्यास मुलाला काही होईल असंही नाही. स्थळं का परत जातात याची कारणं पत्रिकेपेक्षा अपेक्षांच्या यादीत आणि मुलगा-मुलीच्या प्रत्यक्ष बोलण्यात शोधावीत.

मिस्टरांना सांगा असं सुरुवातीला म्हटलं, त्याचं कारण या विधीतच आहे. नारायण नागबलीला कर्ता लागतो. गेलेले चुलत सासरे तुमच्या मिस्टरांच्या कुळातले, गोत्र त्यांचं, पिंड देणार तुमचे मिस्टर. पत्नी सोबत बसते. संकल्पात कर्त्याचं नाव, गोत्र, दिवस, ठिकाण आणि विधी कशासाठी हे सगळं मोठ्याने म्हटलं जातं. ज्याच्या हातून हा विधी व्हायचा, त्यालाच कळू द्यायचं नाही, हे कोणत्या शास्त्रात बसतं? म्हणजे एक तर विधी व्हायचाच नाही, किंवा 'तुमच्या नावाने आम्ही करतो' असं सांगून फोनवर दोन फोटो येतील. "घरी सांगू नका" हे वाक्य आलं की बाकी काही तपासायची गरज उरत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाने एकच प्रश्न विचारला तर व्यवहार मोडेल, हे सांगणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

अमावस्येच्या मुदतीचंही ऐका. नारायण नागबलीचे मुहूर्त दर महिन्याला असतात, बहुतेकदा एकाहून जास्त. कालसर्प शांती तर त्र्यंबकला जवळजवळ रोज चालते आणि सकाळच्या दोन-तीन तासांत होते. ही अमावस्या गेली तर पुढची येईल. नऊ दिवस तुमच्या पत्रिकेतून आलेले नाहीत, ते तुम्हाला कुणाशी बोलायला वेळ मिळू नये म्हणून आलेले आहेत. सिंहस्थ जवळ आल्याने 'नंतर जागाच मिळणार नाही' हेही ऐकायला मिळेल. गर्दी होईल हे खरं, पण गर्दीमुळे कुणाचा दोष वाढत नाही.

चुलत सासऱ्यांसाठी विधी करायचं ठरलंच, तर सरळ रस्ता असा. त्र्यंबकेश्वरच्या परंपरागत तीर्थोपाध्यायांकडे यजमान घराण्यांच्या वह्या असतात. तुमच्या सासरच्या मूळ गावावरून आणि आडनावावरून घराण्याचे उपाध्याय कोण ते विचारा. मिस्टरांना घेऊन प्रत्यक्ष जा, आणि पहिल्या भेटीत पैसे देऊ नका. खर्च लेखी मागा, साधा व्हॉट्सॲप मेसेज चालतो. त्यात कोणता विधी, कोणत्या तारखांना, कुठे, किती ब्राह्मण, साहित्य कोणाचं, राहणं-जेवण धरलं आहे का, प्रतिमा सोन्याची की चांदीची आणि किती वजनाची, ती शेवटी कोणाकडे राहणार, आणि दक्षिणेसह एकूण किती, हे यायला हवं. जाणकार गुरुजींना असं विचारल्याचा राग येत नाही, रोज विचारणारे येतात.

ही फोड हाती आली की ६५ हजारांचा अंदाज तुमचा तुम्हालाच येतो. समजा कालसर्पाला पाच ग्रॅम चांदीची नागाची जोडी आहे. चांदीचा भाव ग्रॅमला ३०० रुपये धरला तरी ती दीड हजाराची झाली. फुलं, पंचामृत, वस्त्र, धान्य, हवनाचं साहित्य यांचे भाव तुम्हाला बाजारातून माहीत आहेत. सोन्याची प्रतिमा असेल तर वजन गुणिले त्या दिवशीचा भाव. हे सगळं वजा करून जी रक्कम उरते ती दक्षिणा आणि मधल्या माणसाचा वाटा. दक्षिणा जरूर द्यावी, तीन दिवस मंत्र म्हणणाऱ्याचे ते कष्ट आहेत आणि त्यात घासाघीस करू नये. पण त्र्यंबकचे गुरुजी एक आणि पैसे घेणारा नाशिकचा माणूस दुसरा असेल, तर मोठा भाग कुठे जातो आहे हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विधी करताना संकल्पाच्या वेळी कान देऊन ऐका. तुमचं गोत्र, मिस्टरांचं नाव आणि गेलेल्या काकांचं नाव आलं नाही तर तिथेच थांबवून सांगा. अनेक यजमान एका रांगेत बसवून एकच संकल्प घाईने उरकला जातो, तेव्हा चूक इथेच होते.

तीन दिवसांचा खर्च झेपत नसेल तरी काकांचं काही राहून जात नाही. भाद्रपदातल्या पितृपक्षात त्यांच्यासाठी श्राद्ध होऊ शकतं. पाण्यात किंवा अपघातात गेलेल्यांसाठी त्या पक्षातली चतुर्दशी सांगितली आहे, आणि तिथी माहीत नसली तर सर्वपित्री अमावस्या असते. घरी, ओळखीच्या गुरुजींकडून, ऐपतीप्रमाणे. संकल्पात 'यथाशक्ति' म्हणतात ते त्यासाठीच. कर्ज काढून केलेल्या श्राद्धाला कोणताही ग्रंथ जास्त फळ देत नाही.

आता दिलेल्या ११ हजारांचं. गुरुजींना फोन करू नका, कारण फोनवर तुम्ही परत घाबराल. मेसेज लिहा: "अमुक तारखेला आपल्याला फोनवरून ११,००० रुपये पाठवले. आम्ही घरच्यांनी ठरवून पूजा आणि रत्न दोन्ही रद्द केलं आहे. अद्याप कोणताही विधी झालेला नाही. सात दिवसांत रक्कम याच क्रमांकावर परत करावी." एवढंच, ना आरोप, ना कारणं. पैसे पाठवल्याची पावती आणि आधीचे सगळे मेसेज जपून ठेवा. "साहित्य आणलं आहे" असं उत्तर आलं तर बिलं मागा. खरंच काही आणलं असेल तर तेवढी रक्कम सोडून द्यायला हरकत नाही.

पैसे परत आले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देता येतो. कायद्याकडून किती अपेक्षा ठेवायची हेही माहीत असू द्या. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने ज्योतिष सांगणं किंवा पूजा करणं हा गुन्हा ठरत नाही, ज्योतिषाचा सल्ला त्यातून स्पष्टपणे वगळलेला आहे. पण भुताखेताची किंवा मंत्राची भीती घालून, चमत्काराचा दावा करून पैसे उकळले असतील तर तो लागू होऊ शकतो. त्यात सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. तुमच्या गुरुजींनी आजवर ग्रहांचं नाव घेतलं आहे. उद्या त्यांनी "पैसे मागितलेत तर मी असं करीन की देवाचा कोप होईल" असं म्हटलं, तर चित्र बदलतं. आपल्या कृतीने दैवी कोप होईल असं भासवून एखाद्याला काही करायला लावणं, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५४ खाली गुन्हा आहे. म्हणून असा मेसेज आला तर घाबरून पुसून टाकू नका, तोच तुमचा पुरावा. १९३० हा सायबर फसवणुकीचा क्रमांक मात्र अनोळखी माणसाने फोनवर किंवा इंटरनेटवर गंडवलं तर लगेच लावायचा असतो. तुमच्या बाबतीत माणूस ओळखीचा आहे आणि पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत, तेव्हा ग्राहक तक्रार आणि पोलीस ठाणं हाच मार्ग.

अमावस्या उलटून गेल्यावरही फोन येईल, याची तयारी ठेवा. मुलाला साधी सर्दी झाली तरी "बघा, मी म्हटलं होतं" असं ऐकवलं जाईल. काहीच झालं नाही तर "मी इथे बसून जप केला म्हणून टळलं, त्याचे एवढे द्या" असं येईल. ठरलेली पूजा झालेली माणसंही यातून सुटत नाहीत, त्यांना "पूजेत विघ्न आलं, परत करावी लागेल" असं सांगतात. मैत्रिणीकडून निरोप आला तर तिला तुमचा रद्द केल्याचा मेसेज दाखवा, तिनेही काही पैसे दिले असतील तर तिला हेच करता येईल. गुरुजींचा फोन उचलू नका, जे काही असेल ते लिहून पाठवा एवढंच कळवा. आणि मुलाला यातलं काही कळलं असेल तर त्याच्याशी मिस्टरांनी बोलावं. आपल्या जिवाला धोका आहे असं आईने मानलं होतं, हे ओझं त्याच्या डोक्यावर राहू नये.